एन्-ट्रे-प्रे-ने-ऊर

मराठी माणसाला स्पेलिंगचा जाच होतो, कारण आपण बोलतो तसं लिहितो. फ्रेंचमधून इंग्रजीत आलेले शब्द तर लिहायचे एक आणि म्हणायचे वेगळेच. आपण लहानपणी मनात ‘वेद-नेस-डे’ म्हणत वेन्सडे लिहायला शिकलो. तीच युक्ती इथेही चालते, फक्त शब्द कुठे सांधलाय ते ठाऊक हवं.

उद्योजक या अर्थाचा आंत्रप्रेन्योर घ्या. फ्रेंचमध्ये ‘आंत्र’ म्हणजे मध्ये आणि ‘प्रांद्र’ म्हणजे घेणे. दोन्ही मिळून एखादं काम अंगावर घेणे. बहुतेकांची चूक पहिल्याच सांध्यावर होते. टी-आर-ई ऐवजी टी-ई-आर लिहिलं जातं. याला कारण एंटरप्राइज. तो याच धातूतून आलेला, पण कित्येक शतकं आधी इंग्रजीत शिरला आणि तिथल्या वळणाने ‘एंटर’ झाला. धाकट्याने मात्र फ्रेंच क्रम सोडला नाही. आपण सेंटर लिहिताना शेवटी आर-ई लिहितो, तोच हा क्रम.

आता हा शब्द देवनागरीच्या कानाने फोडा: एन्, ट्रे, प्रे, ने, ऊर. प्रत्येक तुकड्याची अक्षरं मांडली तर ई-एन, टी-आर-ई, पी-आर-ई, एन-ई, यू-आर, म्हणजे अख्खं स्पेलिंग हाती येतं. शेवटचा ऊर मला फार आवडतो, कारण धंद्यात उतरायला छातीच लागते. हा ई-यू-आर म्हणजे फ्रेंचमधला ‘करणारा’. शोफर, अमॅच्युअर, कॉनसर, सॅबटर या सगळ्यांच्या शेवटी तोच आहे. शोफर मुळात ‘तापवणारा’, म्हणजे वाफेच्या इंजिनाची भट्टी पेटती ठेवणारा. डॉक्टर, प्रोफेसर मात्र लॅटिन वळणाचे, त्यांना ओ-आर. तिथे ऊर लावू नका.

राँदेव्हूची किल्ली लग्नपत्रिकेत आहे. पत्रिकेच्या कोपऱ्यातल्या आर-एस-व्ही-पीचा विस्तार ‘रेपाँदे सिल व्हू प्ले’, कृपया उत्तर द्यावे. त्यातल्या ‘रेपाँदे’च्या शेवटी ई-झेड येतं, कारण फ्रेंचमध्ये ‘तुम्ही’ला आज्ञा करताना क्रियापदाला ते लागतं. व्ही हे ‘व्हू’, तुम्ही, व्ही-ओ-यू-एस. राँदेव्हू हीसुद्धा आज्ञाच आहे: हजर व्हा. म्हणून तिथेही आधी ई-झेड, मग पूर्ण व्हू. मनात ‘रेन-देझ-व्होउस’ म्हणा, मुके झेड आणि एस सुटणार नाहीत.

क्वेश्चनेअरमध्ये अडतो तो एन. ‘क्वेश्चन’ स्वतःच्या एनसह पुरा होतो आणि ‘नेअर’ आपला एन घेऊन येतो, म्हणून दोन. याच न्यायाने मिलियनेअरलाही दोन एन लागायला हवेत आणि फ्रेंचमध्ये ते आहेतही, पण इंग्रजीत एकच उरला. तिथे मी असं लक्षात ठेवते: मिलियनेअरने दोन एल आधीच पदरात पाडून घेतलेत, त्याला दुसरा एन कशाला? क्वेश्चनेअरकडे एल एकही नाही, म्हणून दोन्ही एन त्याचे.