पीक विम्याचा निरोप: एका हंगामाच्या तीन तारखा

विम्याची मुदत जवळ आली की शेतकरी उत्पादक कंपन्या सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर पिकाचा फोटो टाकतात आणि त्याखाली चार ओळींचा मजकूर लिहितात. गावात विम्याची माहिती बहुतेकदा अशीच पोहोचते. म्हणून त्या चार ओळी नेमक्या असायला हव्यात.

2025-26 चा रब्बी हंगाम घ्या. रब्बी ज्वारीची मुदत 30 नोव्हेंबरला संपत होती, गहू, हरभरा आणि रब्बी कांद्याची 15 डिसेंबरला, तर उन्हाळी भात आणि भुईमुगाची 31 मार्चला. फोटोखाली नुसते ‘रब्बी विमा, शेवटची तारीख 15 डिसेंबर’ लिहिले, तर ज्वारीवाला निवांत राहतो आणि केंद्रावर जाईपर्यंत त्याची वेळ टळून गेलेली असते. तारीख पिकाच्या नावासकटच द्यावी.

कागदपत्रांत आधार कार्ड, सातबारा, बँक पासबुक आणि पीक पेऱ्याचे स्वयंघोषणापत्र लागते. शेत कसायला घेतले असेल तर नोंदणीकृत भाडेकरारही. 2025 च्या खरिपापासून शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी, बंधनकारक झाला.

खरी अडचण येते ती ई-पीक पाहणीत. अर्जात हरभरा आणि पाहणीत गहू अशी तफावत निघाली, की अर्ज बाद होऊ शकतो. म्हणून मजकुरात एक ओळ यासाठी राखलीच पाहिजे: जे पेरले तेच अर्जात, तेच पाहणीत.

पैशांचा हिशेबही सांगावा, कारण एक रुपयातला विमा 2025 च्या खरिपापासून बंद झाला. आता शेतकऱ्याचा हिस्सा विमा संरक्षित रकमेच्या खरिपाला जास्तीत जास्त 2 टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना 5 टक्के आहे. समजा हरभऱ्याची संरक्षित रक्कम हेक्टरी 36,000 रुपये आहे, तर हप्ता फार तर 540 रुपये. मंडळाचे उंबरठा उत्पादन हेक्टरी 10 क्विंटल ठरले आणि पीक कापणी प्रयोगात 7 क्विंटलच निघाले, तर घट 30 टक्के. भरपाई हेक्टरी 10,800 रुपये.

हे उत्पादन सगळ्या मंडळाचे असते, एकट्याच्या शेताचे नव्हे. एकाच शिवारात गारपीट झाली आणि मंडळाची सरासरी टिकली, तर या योजनेतून काही मिळत नाही. महाराष्ट्राने 2025 मध्ये स्थानिक आपत्तीचे वेगळे संरक्षण वगळले, हे सभासदांना हप्ता भरण्याआधीच कळले पाहिजे. नंतरचा मनस्ताप फार मोठा असतो.

सामूहिक सेवा केंद्राला प्रत्येक अर्जामागे 40 रुपये विमा कंपनी देते. त्यामुळे हप्त्याखेरीज अर्जाचे पैसे देऊ नका, पावती घेतल्याशिवाय उठू नका, आणि शंका आली तर 14447 वर फोन करा.