फोटोतल्या आलेखातला सर्वांत स्वस्त रस्ता

काही बिंदू, त्यांना जोडणाऱ्या रेषा आणि प्रत्येक रेषेवर एक आकडा, अशा आकृतीला गणितात भारित आलेख म्हणतात. बिंदू म्हणजे गावे, स्थानके किंवा संगणक असू शकतात. आकडा म्हणजे किलोमीटर, रुपये किंवा मिनिटे. विचारले जाते ते एवढेच, की एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत सर्वांत कमी बेरजेचा रस्ता कोणता आणि ती बेरीज किती. फळ्यावरची किंवा पुस्तकातली आकृती फोटोतून समोर आली असेल, तर उत्तराचा बरोबरपणा आधी आकृती वाचण्यावर ठरतो आणि मग हिशेबावर.

येथे घेतलेल्या आकृतीत डावीकडे अ, वर ब आणि ड, खाली क आणि इ, तर उजव्या टोकाला फ असे सहा बिंदू आहेत. अ पासून फ पर्यंत जायचे आहे. फोटोकडे पाहत थेट हिशेब सुरू करण्याऐवजी सगळ्या रेषा आधी कागदावर उतरवाव्यात: अ–ब 4, अ–क 6, ब–क 3, ब–ड 9, क–ड 2, क–इ 7, ड–इ 4, ड–फ 8, इ–फ 3. एकूण नऊ रेषा. रेषांवर बाण नसल्याने प्रत्येक रेषेवरून दोन्ही दिशांनी जाता येते. चित्रातल्या रेषेच्या लांबीला काही अर्थ नसतो. आखूड रेषेवर 9 असू शकतो आणि लांबलचक रेषेवर 2.

एखादी रेषा सुटली का, हे पाहण्याची एक सोपी खूण आहे. यादी बाजूला ठेवून, फोटोत प्रत्येक बिंदूला किती रेषा भिडतात ते मोजावे. येथे अ ला 2, ब ला 3, क ला 4, ड ला 4, इ ला 3 आणि फ ला 2, म्हणजे एकूण 18. प्रत्येक रेषेला दोन टोके असतात, म्हणून ही बेरीज रेषांच्या संख्येच्या दुप्पट यायलाच हवी. नवाची दुप्पट 18, तेव्हा यादी पुरी आहे.

आता रीत. नेदरलँड्सचे संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांना ती 1956 मध्ये सुचली. अ‍ॅमस्टरडॅमच्या गणित संस्थेत तयार झालेल्या ARMAC या संगणकाचे काम सामान्य लोकांना समजेल असे दाखवायचे होते, म्हणून त्यांनी देशातल्या 64 शहरांमधला जवळचा रस्ता शोधण्याचा प्रश्न निवडला. 1959 मध्ये ही रीत छापून आली, त्या लेखाची लांबी जेमतेम तीन पाने होती.

सुरुवातीच्या बिंदूचा खर्च 0 धरायचा आणि बाकी सगळ्यांचा अनंत, कारण त्यांच्याकडे जाणारी वाट अजून सापडलेली नाही. मग दर पायरीला, जे बिंदू अजून पक्के झालेले नाहीत त्यांच्यातला सर्वांत कमी खर्चाचा उचलायचा आणि पक्का करायचा. त्याच्या शेजाऱ्यांकडे त्याच्यामार्गे गेल्यास खर्च कमी होतो का ते पाहायचे. होत असेल तर जुना आकडा खोडून नवा लिहायचा आणि कोणाकडून आलो तेही शेजारी नोंदवायचे. समोरचा सर्वांत स्वस्त बिंदू उचलून पुन्हा मागे न वळणाऱ्या या पद्धतीला ग्रीडी पद्धत म्हणतात.

| पायरी | पक्का बिंदू (खर्च) | ब | क | ड | इ | फ |
|---|---|---|---|---|---|---|
| 1 | अ (0) | 4, अ कडून | 6, अ कडून | ∞ | ∞ | ∞ |
| 2 | ब (4) | पक्का | 6, अ कडून | 13, ब कडून | ∞ | ∞ |
| 3 | क (6) | – | पक्का | 8, क कडून | 13, क कडून | ∞ |
| 4 | ड (8) | – | – | पक्का | 12, ड कडून | 16, ड कडून |
| 5 | इ (12) | – | – | – | पक्का | 15, इ कडून |
| 6 | फ (15) | – | – | – | – | पक्का |

दुसऱ्या ओळीत ब मार्गे क ला जाण्याचा खर्च 4 अधिक 3, म्हणजे 7 येतो. आधीचा 6 त्याहून कमी असल्याने क चा आकडा बदलत नाही. तिसऱ्या ओळीत मात्र ड चा 13 उतरून 8 होतो. चौथ्या ओळीत फ ला 16 मिळाले, तरी तेथे थांबायचे नाही. फ अजून पक्का झालेला नाही आणि 12 वर असलेला इ त्याच्या आधी उचलायचा आहे. पाचव्या पायरीला 16 चे 15 होतात ते यामुळेच. लक्ष्यबिंदूला पहिल्यांदा आकडा मिळाला की हिशेब संपला असे समजणे ही नेहमी दिसणारी चूक आहे.

रस्ता उलटा वाचायचा: फ ला इ कडून, इ ला ड कडून, ड ला क कडून, क ला अ कडून. म्हणून रस्ता अ–क–ड–इ–फ आणि एकूण खर्च 6 + 2 + 4 + 3 = 15.

या आकृतीत 16 हे चुकीचे उत्तर अनेक वाटांनी समोर येते. प्रत्येक बिंदूवर उभे राहून नव्या बिंदूकडे जाणारी फक्त सर्वांत लहान रेषा धरली, तर अ–ब–क–ड–इ–फ असा प्रवास होतो आणि बेरीज 16 भरते. ग्रीडी शब्दाचा असा अर्थ लावणे चूक आहे, कारण तुलना करायची असते ती अ पासूनच्या पूर्ण खर्चाची, पुढच्या एका रेषेची नव्हे. कमीत कमी रेषांचे रस्ते पाहिले, तर अ–क–ड–फ आणि अ–क–इ–फ हे दोन्हीही 16 चेच. सगळे बिंदू सर्वांत स्वस्तात जोडणाऱ्या रेषांचे जाळे शोधले, तर त्याचीही बेरीज 16 येते. तो प्रश्नच वेगळा आहे. डायक्स्ट्रा यांच्या त्या लेखात हे दोन्ही प्रश्न शेजारी शेजारी सोडवलेले आहेत, आणि विद्यार्थ्यांकडून त्यांची सरमिसळ आजही होते.

एकदा पक्का झालेला बिंदू पुन्हा का तपासायचा नाही? बाकीचे सगळे बिंदू आधीच तेवढ्याच किंवा जास्त खर्चाचे असतात. त्यांच्यामार्गे वळसा घेतल्यास खर्चात भर पडेल, घट होणार नाही. हा युक्तिवाद कोणताही आकडा शून्याखाली नसेल तरच टिकतो. क कडून ब कडे बाण असता आणि त्यावर उणे 3 असते, तर क मार्गे ब चा खर्च 3 झाला असता. पण ब तर 4 वर आधीच पक्का झालेला. म्हणून यादीत एक जरी उणे आकडा दिसला तरी ही रीत सोडून बेलमन–फोर्ड पद्धत वापरतात. ती सगळ्या रेषा पुन्हा पुन्हा तपासते, त्यामुळे तिला वेळ जास्त लागतो.

कोष्टक पुरे झाल्यावर ते तपासताही येते. कोणत्याही रेषेच्या दोन टोकांच्या अंतिम खर्चांतला फरक त्या रेषेवरच्या आकड्याहून जास्त असता कामा नये. ब 4 आणि ड 8, फरक 4, रेषेवर 9: ठीक. ड 8 आणि फ 15, फरक 7, रेषेवर 8: ठीक. जेथे फरक आणि आकडा तंतोतंत जुळतात, त्या रेषांवरूनच स्वस्त रस्ते जातात.

ही तपासणी हिशेबातली चूक पकडते, फोटो वाचण्यातली पकडत नाही. हाताने लिहिलेला 7 पुसट फोटोत 1 दिसतो. क–इ वर 1 वाचला, तर इ 7 वरच पक्का होतो, फ ला 10 मिळतात आणि रस्ता अ–क–इ–फ असा येतो. हे कोष्टकही तपासणीत निर्दोष ठरते. म्हणून ज्या रेषांवर आकडा आणि फरक यांत थोडेच अंतर आहे, त्या फोटो मोठा करून पुन्हा वाचाव्यात. क–इ वर 7 आहे आणि फरक 6. तेथे 6 असता तर 15 खर्चाचे दोन रस्ते मिळाले असते, आणि त्याहून कमी काहीही असते तर उत्तरच बदलले असते. ब–ड वरचा 9 मात्र कोणी 6 वाचला, तरी फ पर्यंतचा खर्च 15 च राहतो.