दार उघडेल एवढी जागा

महाराष्ट्रातल्या बहुतेक सोसायट्यांच्या नकाशावर गाडीच्या पार्किंगचा चौकोन अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब असतो. तो आकडा पाहून लोक निर्धास्तपणे गाडी बुक करतात. खाली गेल्यावर मात्र खांब, त्यांचं प्लास्टर आणि भिंतीवरून उतरणारे पाइप दिसतात. म्हणून टेप नकाशावर नाही, तर दोन खांबांमधल्या सगळ्यात अरुंद जागी लावायची.

समजा, तिथं 2 मीटर 36 सेंटीमीटर भरले. ह्युंदाई क्रेटाची रुंदी 1 मीटर 79 सेंटीमीटर आहे. म्हणजे दोन्ही बाजू मिळून उरले फक्त 57. डावीकडची माणसं आधीच उतरवून, आरसे मिटून गाडी डाव्या खांबापासून 12 सेंटीमीटरवर लावली, तर ड्रायव्हरला 45 सेंटीमीटर मिळतात. त्यातही दाराच्या अस्तराची जाडी जाते. सडपातळ माणूस तिरका होऊन कसाबसा निघेल. गुडघे दुखणाऱ्या आजोबांना ते जमायचं नाही. त्याच जागेत 1 मीटर 62 सेंटीमीटर रुंदीची वॅगन आर लावली, तर उजवीकडे 62 सेंटीमीटर उरतात आणि माणूस सरळ उतरतो. दोन गाड्यांत फरक अवघा 17 सेंटीमीटरचा, पण रोज जाणवणारा.

कंपनीच्या माहितीपत्रकातली रुंदी बहुधा आरसे सोडून दिलेली असते. मागे घेताना आरसे उघडेच लागतात, त्यामुळे शोरूममध्ये आरशापासून आरशापर्यंतचं मापही घ्यावं. दाराचं मापही तिथंच मिळतं. घरातल्या सगळ्यात जाड किंवा सगळ्यात वयस्कर माणसाला ड्रायव्हरच्या सीटवर बसवा, सहज उतरता येईल एवढंच दार उघडा आणि दाराच्या कडेपासून गाडीच्या अंगापर्यंतचं अंतर मोजा. तुमच्या घरासाठी खरा आकडा तोच.

खांब कुठं आहे, यावरही बरंच ठरतं. तो पुढच्या चाकाशेजारी आला तर दाराला त्रास नाही. दाराच्या मोकळ्या कडेसमोर आला तर रंग खरवडलाच म्हणून समजा. अशा वेळी गाडी रिव्हर्सनं लावून पाहावी. ड्रायव्हरची बाजू बदलते आणि कधीकधी तेवढ्यानं काम भागतं. शेजारी खांबाऐवजी दुसऱ्याची गाडी असेल, तर त्यांच्या दाराचाही विचार हवा. आज तिथं छोटी गाडी असेल, पण पुढच्या वर्षी मोठी येऊ शकते.

लांबीचा प्रश्न त्या मानानं सोपा. मात्र डिकीचं दार वर उघडतं, त्यामुळे मागे भिंत किंवा वर तुळई असेल तर तेही तपासायला हवं.

मापं घेतल्यावर पार्किंगच्या जमिनीवर खडूनं गाडीचा आकार आणि उघडं दार आखा. शेजारच्या गाड्या जागेवर असताना, रात्री नवाच्या सुमारास हे करा. तरीही शंका राहिली, तर टेस्ट ड्राइव्हची गाडी सोसायटीत आणायची परवानगी मागा आणि ती एकदा तुमच्या जागेत लावून, उतरून पाहा. बुकिंगचे पैसे त्यानंतरच भरा.