जोडाखालचा फुटवा

रोपवाटिकेतून आणलेला ‘ग्लॅडिएटर’ गुलाब पहिल्या हिवाळ्यात टपोऱ्या लाल फुलांनी बहरतो. पुढच्या पावसाळ्यात बुडातून एक हिरवीगार काठी सरसरत वर येते. घरचे हौसेने तिला आधार देतात. काही महिन्यांत तिच्यावर बारीक पांढऱ्या फुलांचे घोस लागतात आणि लाल फुलांच्या फांद्या एकेक करून वाळू लागतात.

गैरसमज : गुलाबाने रंग बदलला.

वस्तुस्थिती : कलमी गुलाब म्हणजे दोन झाडांचा जोड. मुळे मल्टिफ्लोरासारख्या काटक रानगुलाबाची असतात; तो खुंट. त्यावर हव्या त्या जातीचा डोळा भरलेला असतो. जोडाखालून आलेला फुटवा खुंटाचा, म्हणून फुलेही खुंटाचीच. मुळांनी ओढलेले पाणी आणि अन्नद्रव्ये त्याला जोड न ओलांडता मिळतात. त्यामुळे तो झपाट्याने वाढतो आणि वरची जात उपाशी राहते.

गैरसमज : पाच पानांची फांदी कलमाची, सात पानांची रानटी.

वस्तुस्थिती : बागेतल्या कित्येक चांगल्या जातींनाही सात पर्णिका येतात. खरी खूण फांदी कुठून निघाली ही. बुडाजवळची माती बोटांनी बाजूला केली की जोडाची फुगीर गाठ दिसते. गाठीवरून निघालेली जोमदार फांदी राखायची. पुढची फुले तिच्यावरच येणार असतात. गाठीखालची तेवढी काढायची. फांदी मातीत रुजवून केलेल्या रोपाला असा जोडच नसतो, त्यामुळे तिथे बुडातले फुटवेही त्याच जातीचे असतात.

गैरसमज : मातीलगत कात्री चालवली की काम झाले.

वस्तुस्थिती : उरलेल्या खुंटीच्या बुडाशी सुप्त डोळे असतात. एका फुटव्याच्या जागी मग दोन-तीन उगवतात. म्हणून फुटवा जिथून निघाला तिथपर्यंत माती उकरावी आणि तो खाली ओढून बुडासकट उपटावा. जून झाला असेल तर धारदार चाकूने खोडालगत कापून माती पुन्हा लोटावी. खुरपे मुळांना लागले तर त्या जखमेतूनही नवे फुटवे निघतात.

गैरसमज : आंब्याच्या कलमाला ही भीती नाही.

वस्तुस्थिती : कोकणातले हापूसचे कोय कलम रायवळ आंब्याच्या कोवळ्या रोपावर बांधतात. विकत घेताना जोड एकजीव झालेला आहे का आणि वरची पाने पक्व आहेत का, ते पाहावे. जोड पक्का झाल्यावरही प्लॅस्टिकची पट्टी राहिली तर ती खोडाला करकचते, वरची वाढ खुंटते आणि खालचे डोळे जागे होतात. लावताना जोड मातीच्या वर ठेवावा. पहिल्या दोन वर्षांत दर पंधरवड्याला बुंधा पाहिला, तर कोवळा फुटवा अंगठ्यानेच खुडता येतो.

वरचा हापूस पूर्ण वाळला असेल तर फुटवे काढून तो परत येत नाही. अशा वेळी खुंटाचा एक जोमदार फुटवा राखून त्यावर पावसाळ्यात हापूसची नवी काडी पाचर पद्धतीने बांधता येते. मुरलेली मुळे आयतीच मिळतात.