कथेतला पाऊस आणि दोन बोटं खोल पेरलेलं बी

जून संपत आला आहे. लातूरकडच्या एका गावात दोन भावांना तीन एकर सोयाबीन पेरायचं आहे. थोरला म्हणतो, अजून एक पाऊस होऊ दे. धाकट्याला शेजारच्या रानात ट्रॅक्टर फिरताना दिसतो आहे आणि त्याच्याच्याने दम धरवत नाही. पावसाची कथा लिहायला एवढा ऐवज पुरेसा आहे. अट एकच: पाऊस खिडकीबाहेर पडता कामा नये, तो या दोघांच्या मध्ये पडला पाहिजे.

नवोदितांच्या पावसाळी कथांमध्ये बहुधा नेमकं उलटं होतं. नायिकेचं मन भरून आलं की आभाळ भरून येतं, ती रडली की पाऊस कोसळतो. अशा कथेतला पाऊस पुसून तिथे थंडी घातली तरी काही अडत नाही. दुबार पेरणीच्या कथेतून पाऊस काढला तर कथाच उरत नाही. म्हणून हीच कथा इथे थोडी बांधून बघू.

आधी पावसाचा हिशेब. पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं, कारण वरची माती भिजली तरी खाली ओल पोचलेली नसते. समजा, आपल्या गावात चाळीसच मिलिमीटर झाला आहे. वर ओल, खाली फुफाटा. थोरला टाचेने माती उकरून हे बघतो. धाकटा बघत नाही. कोण कसा आहे, हे वेगळं सांगायची गरज उरली नाही. शेवटी धाकट्याच्या हट्टाने पेरणी होते. एकरी तीस किलोप्रमाणे नव्वद किलो बी, तेही दुकानातून उधारीवर.

कथेची गती इथून पावसाच्या हातात द्यायची. पेरणीचा दिवस धावपळीचा असतो. वाफसा दोन-तीन दिवसच टिकतो, ट्रॅक्टरवाल्याला पुढच्या रानात जायचं असतं, खताची पोती बांधावर पडलेली असतात. वाक्यं आखूड, बोलणी तुटक, सगळा दिवस एका पानात. मग पाऊस उघडीप देतो आणि कथा एकदम मंदावते. हा टप्पा सगळ्यात अवघड. पहिला दिवस, दुसरा दिवस असं लिहीत गेलं तर वाचक कंटाळतो. नुसतं ‘पंधरा दिवस गेले’ म्हटलं तर वाट बघण्याचा ताणच निघून जातो.

उपाय मातीतच आहे. दिवस मोजण्याऐवजी बी दाखवावं. सोयाबीन दोन बोटं खोल पडतं आणि ओल असली तर पाच-सहा दिवसांत डोकं वर काढतं. धाकटा रोज तासात बोट घालून एक दाणा काढतो. आधी तो दाणा फुगलेला निघतो, साल ताणलेली. पुढे मोड दिसतो, पण पांढरा आणि थिजलेला. मग एक दाणा बोटात धरल्याबरोबर पिचतो आणि त्याला आंबूस वास येतो. तीन दाण्यांत पंधरा दिवस मावले आणि प्रत्येक दिवस वाचकाच्या बोटाला लागला. वर आभाळ रोज दुपारी भरून येतं, पण पश्चिमेचं वारं सुटलेलं असतं आणि ढग गावावरून निघून जातात. उघडिपीतलं वारं लेखक फार क्वचित वापरतात. वाट बघण्याच्या दिवसांत तेच तर सतत कानावर पडत असतं.

आता आई. तिने मागच्या वर्षीचं घरचं बी एका पोत्यात राखून ठेवलं आहे. एका दुपारी ती शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळते आणि चुलीमागे ठेवते. सत्तर उगवले तर बी पेरण्याजोगं. ती कुणाला काही सांगत नाही. पण धाकट्याला ते गोणपाट दिसतं आणि कळतं, की आईने पहिली पेरणी गेली असं धरलंच आहे. घरात एक शब्द न बोलता भांडण सुरू होतं. हा प्रसंग न पडलेल्या पावसाने घडवला. कथानकात पाऊस काय करतो याचा विचार करताना पडलेल्याइतकाच न पडलेला पाऊसही मोजायला हवा. माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त माणसांना गाव सोडायला लावणारा तो हाच, न आलेला.

वातावरणाचं काम यातूनच होतं. पेरणीच्या रात्री पत्र्यावर सर वाजली तर घर शांत झोपेल. तीच सर दुबार पेरणीच्या दुसऱ्या दिवशी जोरात आली आणि पाठोपाठ कडक ऊन पडलं, तर काळ्या रानावर पापडी धरते आणि कोंब खालीच मोडतो. मग त्या आवाजाने धाकटा उठून बसेल:

‘पत्रा वाजायला लागला तसा तो उठला. वहिनी म्हणाली, भावजी, पडतोय की. तो म्हणाला, हळू पडू दे म्हणा.’

‘उदास’, ‘भयाण’ हे शब्द इथे लागले नाहीत. आवाज तोच आहे, ऐकणाऱ्याचं काय पणाला लागलंय ते बदललं.

पावसाचा सगळ्यात मोठा धोका शेवटाला असतो. कर्ज, भांडण, उधारी असं सगळं साचल्यावर धो धो पाऊस आणून सोडवणूक करायचा मोह होतो. वाचकाला ती फसवणूक वाटते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरात कुलाब्याला जेमतेम ७३. असं खरंच घडलं, तरी कथेच्या शेवटी आणलं तर बनाव वाटेल. पहिल्या पानावर आणलं तर मात्र कुलाब्यात बसलेल्या माणसाला कलिन्यात अडकलेल्या बायकोचं म्हणणं खरं वाटत नाही, इथून एक पक्की कथा सुरू होते. पावसाने अडचण आणावी. निवाडा माणसांनी करावा.

म्हणून आपल्या कथेत पाऊस सतराव्या दिवशी येतो, चांगला येतो आणि पेच वाढवतो. रानात कुठे कुठे तुरळक उगवण झालेली आहे. ती मोडून सगळं पुन्हा पेरायचं, की नांग्या भरायच्या? आईचं बी दीड एकरालाच पुरतं. जुलैचा मध्य उलटला की सोयाबीनचा उतारा घटत जातो, मग तूर किंवा सूर्यफुलाकडे वळावं लागतं. तारीख जवळ येते आहे, वाफसा दोन दिवसांत निघून जाईल आणि भावांना आता बोलावंच लागेल.

एवढं सगळं करूनही पाऊस दुसऱ्याच मुलखातला पडला तर कथा गेली. कोकणातली आठ-आठ दिवसांची संततधार लातूरच्या जूनमध्ये आणू नये. विदर्भात झड म्हणतात ती भुरभुर वेगळी, उन्हाळ्याच्या अखेरीस विजा घेऊन येणारा वळीव वेगळा. मातीचा वास तापलेल्या कोरड्या मातीला येतो, पंधरा दिवस भिजलेल्या रानाला नाही. कथेचा काळ मृगाचा आहे की आश्लेषाचा, हे लिहिण्याआधी वहीत टिपून ठेवावं. गावचा वाचक पहिल्याच परिच्छेदात ते तपासतो.

ही कथा भावांच्या निर्णयाशी थांबवावी. पीक किती आलं ते सांगू नये. ऑक्टोबरमध्ये कापून ठेवलेल्या सोयाबीनच्या गंजीवर परतीचा पाऊस येतो, तेव्हा घाई, भीती, ताडपत्रीची शोधाशोध सगळंच वेगळं असतं. त्या पावसाला त्याची स्वतंत्र कथा द्यावी.