६०८ धावा आणि उरलेली षटकं

५ जुलै २०२५. एजबॅस्टन कसोटीचा चौथा दिवस. चहापानाला भारताच्या दुसऱ्या डावात ४ बाद ३०४ धावा झाल्या होत्या आणि पहिल्या डावातली १८० धरून एकूण आघाडी ४८४ वर गेली होती. कसोटीच्या इतिहासात चौथ्या डावात यशस्वीपणे गाठलेलं सर्वांत मोठं लक्ष्य ४१८ धावांचं आहे. ते वेस्ट इंडिजने २००३ मध्ये अँटिग्वाला ऑस्ट्रेलियाविरुद्ध गाठलं. तरीही शुभमन गिलने डाव घोषित केला नाही. चहानंतर भारत पुन्हा फलंदाजीला आला. दिवस संपायला तासाभराहून थोडा जास्त वेळ उरला असताना, ६ बाद ४२७ वर, त्याने फलंदाजांना परत बोलावलं. इंग्लंडपुढे लक्ष्य आलं ६०८ धावांचं.

त्या चहापानाच्या वेळी अनेकांना गिल घाबरतोय असं वाटत होतं. विक्रमापेक्षा ६६ धावा जास्त हाती असताना आणखी कशाला हव्यात? हा प्रश्न धावांच्या बाजूने विचारला तर उत्तर सापडत नाही. तो षटकांच्या बाजूने विचारावा लागतो.

कसोटीत दिवसाला ९० षटकं टाकायची असतात, म्हणजे एका सत्रात साधारण ३०. डाव बदलताना दहा मिनिटं जातात आणि त्यापोटी दोन षटकं वजा होतात. गिलने चहालाच डाव घोषित केला असता, तर त्या संध्याकाळची २८ आणि पाचव्या दिवसाची ९० अशी सुमारे ११८ षटकं इंग्लंडला मिळाली असती. ४८५ धावा, ११८ षटकं. षटकामागे जेमतेम ४.१ धावा.

आता दोन आठवडे मागे जाऊ. लीड्सला मालिकेच्या पहिल्याच कसोटीत इंग्लंडने ३७१ धावांचं लक्ष्य ८२ षटकांत गाठलं होतं. षटकामागे साडेचार धावा, आणि गडी गेले फक्त पाच. याच एजबॅस्टनवर २०२२ मध्ये त्यांनी भारताविरुद्ध ३७८ धावा ७७ षटकांच्या आत काढल्या होत्या, त्याही केवळ तीन गडी गमावून. साडेचारच्या वेगाने ११८ षटकांत ५३१ धावा होतात. दहा गडी शाबूत ठेवून इतका वेळ तो वेग टिकवणं फार अवघड आहे, पण कागदावर रस्ता उघडा होता. भारत मालिकेत ०-१ ने मागे होता आणि ही कसोटीही गेली असती तर मालिका हातातून निसटल्यासारखीच होती. गिलने चहानंतर तो रस्ता बंद केला. १२३ धावा वाढल्या, षटकं मात्र डझनभरच कमी झाली. १६ त्या संध्याकाळी आणि ९० दुसऱ्या दिवशी अशा १०६ षटकांत ६०८ धावा, म्हणजे षटकामागे ५.७. इंग्लंडचा हा संघसुद्धा तो वेग दिवसभर धरू शकत नव्हता.

मग उरतो गोलंदाजांचा हिशेब. चांगल्या कसोटी गोलंदाजाला एका बळीमागे साधारण ५० ते ६० चेंडू लागतात. दहा बळींसाठी ते ८० ते १०० षटकांच्या आसपास जातं. खेळपट्टी फुटलेली असेल तर ६०-७० षटकांत काम होतं आणि अगदी पाटा असेल तर १२० सुद्धा अपुरी पडतात. २०२१ मध्ये सिडनीला टिम पेनने भारतापुढे ४०७ धावांचं लक्ष्य ठेवलं. ऑस्ट्रेलियाच्या हाती १३१ षटकं होती आणि तेवढ्यात भारताचे फक्त पाच गडी बाद झाले. दुखापत घेऊन खेळणारा हनुमा विहारी आणि पाठदुखीने बेजार असलेला अश्विन संध्याकाळपर्यंत हलले नाहीत. तिथे पेनची घोषणा चुकली असं मला वाटत नाही. वेळही पुरेसा होता आणि धावाही. खेळपट्टीने साथ सोडली.

एजबॅस्टनची खेळपट्टीही काही फुटलेली नव्हती. पाच दिवस ती फलंदाजांनाच मदत करत होती. अशा ठिकाणी बळी मिळतात ते नव्या चेंडूवर. इंग्लंडमध्ये वापरला जाणारा ड्यूक्स चेंडू त्या मोसमात लवकर मऊ पडत होता आणि एकदा मऊ झाला की गोलंदाजांच्या हाती फारसं काही उरत नव्हतं. म्हणूनच संध्याकाळच्या त्या १६ षटकांचं मोल मोठं होतं. दिवसभर उन्हात क्षेत्ररक्षण केलेल्या सलामीवीरांनी दहा मिनिटांत पॅड बांधून कडक, नव्या चेंडूला सामोरं जायचं, आणि त्या वेळी धावा काढून काही साधणार नाही हे त्यांनाही माहीत असतं. क्रॉली शून्यावर गेला. डकेटचा आणि रूटचा त्रिफळा आकाश दीपने उडवला. दिवस संपला तेव्हा ३ बाद ७२. दुसऱ्या दिवशी सकाळी घोषणा केली असती, तर नव्या चेंडूचा हा पहिला हल्ला ताज्या पायांच्या फलंदाजांवर झाला असता.

मोठ्या आघाडीने गोलंदाजाला नेमकं काय मिळतं, तेही इथे पाहायला मिळालं. धावा मिळाल्या की कर्णधार क्षेत्ररक्षक विकत घेऊ शकतो. ६०८ चं लक्ष्य असताना चार चौकार गेले तरी कुणी तिसरी स्लिप काढून सीमारेषेवर पाठवत नाही. शॉर्टलेग जागेवर राहतो, गोलंदाज फलंदाजाच्या यष्ट्यांवर चेंडू टाकत राहतो आणि जुन्या चेंडूवरही एखादी कड घेतली तर ती झेलायला माणूस उभा असतो. पण या खरेदीलाही मर्यादा आहे. सगळे क्षेत्ररक्षक फलंदाजाभोवती आलेच असतील, तर पुढच्या शंभर धावांनी आणखी काहीच मिळत नाही. खर्च होतात ती फक्त षटकं.

पाचव्या दिवशी सकाळी बर्मिंगहॅमला पाऊस आला. खेळ दीड तासाहून अधिक उशिरा सुरू झाला आणि ९० ऐवजी ८० षटकं उरली. आकाश दीपने पोपचा त्रिफळा उडवला, ब्रूकला पायचीत केलं, उपाहाराच्या अगदी तोंडावर वॉशिंग्टन सुंदरने स्टोक्सला पायचीत पकडलं. जेमी स्मिथने ८८ धावा काढून वाट अडवली खरी, पण इंग्लंडचा डाव ६८.१ षटकांत २७१ वर संपला. भारत ३३६ धावांनी जिंकला. एजबॅस्टनवरचा हा भारताचा पहिला कसोटी विजय. हाताशी सुमारे २८ षटकं शिल्लक होती. पाऊस आणखी दोन तास रेंगाळला असता तर ही शिल्लक संपली असती आणि त्याच ६०८ वर सगळ्यांनी गिलला धारेवर धरलं असतं. माझ्या मते त्याने पाच-सहा षटकं आधी डाव सोडला असता तरी काही बिघडलं नसतं, पण चहाला न सोडण्याचा निर्णय पक्का बरोबर होता.

हेच गणित वेलिंग्टनला एप्रिल २००९ मध्ये बिघडलं. पहिल्या डावात भारताच्या ३७९ ला न्यूझीलंडने १९७ ने उत्तर दिलं. गंभीरने दुसऱ्या डावात १६७ केल्या आणि तिसऱ्या दिवसअखेर आघाडी ५३१ झाली. खेळाचे दोन पूर्ण दिवस बाकी होते. चौथ्या दिवशी सकाळी धोनीने डाव घोषित करायला हवा होता. पण भारताने फलंदाजी चालू ठेवली आणि ७ बाद ४३४ वर जाऊन ६१७ चं लक्ष्य दिलं. पाचव्या दिवशी पाऊस आला तेव्हा न्यूझीलंड ८ बाद २८१ होतं. दोन बळी कमी पडले आणि सामना अनिर्णित सुटला. मालिका भारताने १-० ने जिंकली, ४१ वर्षांनी न्यूझीलंडमध्ये जिंकलेली पहिली मालिका. धोनीला तीच राखायची होती आणि ती भावना मी समजू शकतो. पण ५३१ धावांच्या आघाडीवर त्या न्यूझीलंडकडून पराभवाचा धोका उरलाच नव्हता. शेवटच्या ८५ धावांनी एकही नवा क्षेत्ररक्षक आणला नाही. वेलिंग्टनसारख्या लहरी हवेच्या गावात त्यांनी फक्त वेळ खाल्ला.

खेळपट्टीचा अंदाज या सगळ्यात सर्वांत फसवा असतो. डिसेंबर २००८ मध्ये चेन्नईला केव्हिन पीटरसनने ९ बाद ३११ वर डाव घोषित करून भारतापुढे ३८७ धावा ठेवल्या. चौथ्या दिवसाची खेळपट्टी कोरडी होती, डावखुऱ्या फलंदाजांच्या ऑफ यष्टीबाहेर वेगवान गोलंदाजांच्या पायांनी माती उकरली गेली होती आणि संघात दोन फिरकी गोलंदाज होते. भारतात तोवर एवढं लक्ष्य कुणी गाठलं नव्हतं. कागदावर सगळं जुळलं होतं. मग सेहवागने ६८ चेंडूंत ८३ धावा काढल्या. सलामीची भागीदारी ११७ ची झाली आणि पीटरसनला फलंदाजाजवळचे क्षेत्ररक्षक एकेक करून दूर पाठवावे लागले. चेंडू वळत होता, पण झेल घ्यायला तिथे कुणी नव्हतं. दिवसअखेर भारत १ बाद १३१ वर पोहोचला. म्हणजे पाचव्या दिवशी ९० षटकांत २५६ धावा हव्या होत्या, तीनपेक्षाही कमी वेगाने. पानेसर आणि स्वान यांनी मिळून दोनशेहून जास्त धावा दिल्या. सचिनने १०३ आणि युवराजने ८५ धावांवर नाबाद राहून सामना सहा गडी राखून जिंकला. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर अवघ्या काही दिवसांत. भारतातल्या यशस्वी पाठलागाचा तो विक्रम अजून कायम आहे.

पीटरसनचा खेळपट्टीचा अंदाज चुकला नव्हता. खेळपट्टी खरोखरच फुटत होती. पण झीज वापरायला ती नेमकी जागा षटकामागून षटक गाठणारा गोलंदाज लागतो आणि त्याच्याभोवती माणसं उभी ठेवण्याएवढ्या धावा लागतात. सामना पाहताना म्हणूनच भेगांपेक्षा चेंडूकडे लक्ष ठेवावं. एकाच टप्प्यावरून एक चेंडू गुडघ्याखाली राहतो आणि पुढचा ग्लोव्हजपर्यंत उसळतो, यष्टिरक्षक चेंडू कधी घोट्याजवळ तर कधी छातीजवळ पकडतो, तेव्हा झीज गोलंदाजाच्या कामाची झालेली असते. नुसता वळणारा, पण संथ आणि एकसारख्या उंचीचा चेंडू सवयीचा फलंदाज मागच्या पायावर जाऊन दिवसभर खेळू शकतो. अशा खेळपट्टीवर कर्णधाराने जुन्या चेंडूच्या भरवशावर न बसता आपली षटकं अशी बेतावीत, की ८० षटकांनंतर मिळणारा दुसरा नवा चेंडू शेवटच्या सत्राच्या सुरुवातीला हाती येईल. त्यासाठी चौथ्या दिवशी दुपारी कुठल्या षटकाला डाव सोडायचा, हे तो उलटं मोजत येऊ शकतो.