‘नगरकर’ आणि ‘गरगर’: एलसीएसचा तक्ता हाताने भरताना

अल्गोरिदमच्या कोर्समध्ये डायनॅमिक प्रोग्रॅमिंग सुरू झालं की पहिल्या दोन-तीन गृहपाठांत एक प्रश्न हमखास दिसतो: दोन शब्द दिले आहेत, त्यांची लाँगेस्ट कॉमन सबसिक्वेन्स, म्हणजे एलसीएस, शोधा आणि तक्ता भरून दाखवा. पाठ्यपुस्तकात सूत्र असतं आणि भरलेला तक्ताही असतो. सूत्र पाठ होतं, पण तक्त्यातला एखादा आकडा तिथे नेमका का आला, हे विचारल्यावर गाडी अडते. म्हणून आज एकच उदाहरण घेऊ आणि ते घर-घर भरू. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर उत्तम.

आपले दोन शब्द आहेत ‘नगरकर’ आणि ‘गरगर’. दोन्हींत काना-मात्रा नाही, त्यामुळे एक अक्षर म्हणजे एक घर असा सरळ हिशेब राहतो. (काना-मात्रा आल्यावर काय गंमत होते, ते शेवटी पाहू.)

सबसिक्वेन्स म्हणजे मूळ शब्दातली काही अक्षरं गाळून, पण उरलेल्यांचा क्रम न बदलता, जे उरतं ते. ‘नगरकर’मधून ‘नकर’ मिळतं, ‘गकर’ही मिळतं, पण ‘कगर’ मिळत नाही, कारण क हा ग नंतर येतो. अक्षरं सलग असण्याची अट नाही. ही अट मनातल्या मनात घालून बसणं हा या गृहपाठातला पहिला खड्डा, कारण सलग अक्षरांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं सूत्रही वेगळं आहे. दोन्ही शब्दांत सापडणारी सर्वांत लांब सबसिक्वेन्स म्हणजे एलसीएस. दोन फायलींमधला फरक दाखवणारा `diff` हा प्रोग्रॅम याच कल्पनेवर उभा राहिला. हंट आणि मॅकिलरॉय यांनी १९७६ साली त्याची पद्धत लिहून काढली, तेव्हा त्यांची ‘अक्षरं’ म्हणजे फायलीतल्या अख्ख्या ओळी होत्या.

आता दोन्ही शब्दांची शेवटची अक्षरं बघा. ती सारखी असतील तर त्यांची जोडी बिनधास्त लावून टाकावी. ती न लावता मिळणारं कुठलंही उत्तर ही जोडी लावून मिळणाऱ्या उत्तरापेक्षा लांब असू शकत नाही. मग दोन्ही शब्दांतून ते अक्षर काढा, उरलेल्यांचं उत्तर शोधा आणि त्यात १ मिळवा. शेवटची अक्षरं वेगळी असतील तर ती दोन्ही एकाच वेळी उत्तराचा शेवट होऊ शकत नाहीत, म्हणजे निदान एक तरी बिनकामाचं आहे. कुठलं, ते माहीत नाही. म्हणून आधी पहिल्या शब्दाचं टाकून बघा, मग दुसऱ्याचं टाकून बघा आणि मोठं उत्तर ठेवा.

हे जसंच्या तसं रिकर्शनने लिहिलं तर चालतं, पण फार हळू. समजा १६ अक्षरांचे दोन शब्द आहेत आणि त्यांत एकही अक्षर समान नाही. प्रत्येक पायरीला दोन फांद्या फुटतात आणि शेवटाला पोचणाऱ्या फांद्याच ६० कोटींहून जास्त होतात. गंमत अशी की यातले वेगवेगळे प्रश्न मोजकेच आहेत: पहिल्या शब्दाची सुरुवातीची किती अक्षरं आणि दुसऱ्याची किती. दोन्हीकडे ० ते १६, म्हणजे १७ गुणिले १७, फक्त २८९. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवण्यात सगळा वेळ जातो. म्हणून प्रत्येकाचं उत्तर एकदाच काढून तक्त्यात लिहायचं.

आपल्या तक्त्यात ओळी ‘नगरकर’च्या आणि स्तंभ ‘गरगर’चे. प्रत्येक घराचा अर्थ लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच चालतं. तिसरी ओळ आणि दुसरा स्तंभ, म्हणजे (३,२) या घरात, ‘नगर’ आणि ‘गर’ यांच्या एलसीएसची लांबी लिहायची. शून्यावी ओळ आणि शून्यावा स्तंभ म्हणजे रिकामा शब्द. तिथे सगळीकडे ०.

| | ० | १ ग | २ र | ३ ग | ४ र |
|---|---|---|---|---|---|
| ० | ० | ० | ० | ० | ० |
| १ न | ० | ० | ० | ० | ० |
| २ ग | ० | १ | १ | १ | १ |
| ३ र | ० | १ | २ | २ | २ |
| ४ क | ० | १ | २ | २ | २ |
| ५ र | ० | १ | २ | २ | ३ |

न ची ओळ सोपी आहे. ‘गरगर’मध्ये न नाहीच, सगळी शून्यं. पुढे ग ची ओळ. (२,१) मध्ये ग ला ग भेटला, म्हणून तिरप्या घरातला, म्हणजे वर-डावीकडचा ०, त्यात १ मिळवून १. (२,२) मध्ये ग आणि र वेगळे, वर ०, डावीकडे १, मोठा १. आता (२,३) वर जरा थांबा. इथे पुन्हा ग ला ग भेटला. डावीकडे १ आहे, म्हणून २ लिहायचा मोह होतो. पण या घराचा प्रश्न आहे ‘नग’ आणि ‘गरग’ यांचा. ‘नग’मध्ये ग एकच आहे, तो दोनदा कसा वापरणार? तिरप्या घरात जायचं कारण हेच. तिरपं गेलं की दोन्ही शब्दांतून ग निघून जातो आणि प्रश्न उरतो ‘न’ आणि ‘गर’चा. त्याचं उत्तर ०, अधिक १, म्हणजे १.

र च्या ओळीत (३,२) मध्ये जुळणी होते: तिरप्या घरात १, म्हणून २. ही ‘गर’ची जोडी. (३,३) मध्ये वर १ आणि डावीकडे २, म्हणून २. (३,४) मध्ये पुन्हा र जुळतो, तिरपं (२,३) म्हणजे १, म्हणून २. क ची ओळ वरच्या ओळीची हुबेहूब नक्कल, कारण ‘गरगर’मध्ये क नाही. आणि शेवटच्या ओळीत (५,४) ला र जुळतो, तिरपं (४,३) म्हणजे २, म्हणून ३. उत्तर: लांबी ३.

कोडमध्ये हे एवढंच आहे:

```python
def lcs(x, y):
    m, n = len(x), len(y)
    t = [[0]*(n+1) for _ in range(m+1)]
    for i in range(1, m+1):
        for j in range(1, n+1):
            if x[i-1] == y[j-1]:
                t[i][j] = t[i-1][j-1] + 1
            else:
                t[i][j] = max(t[i-1][j], t[i][j-1])
    return t
```

`x[i-1]` मधला -१ हा शून्याव्या ओळीमुळे आला. तक्त्यातली पहिली ओळ म्हणजे शब्दातलं शून्याव्या क्रमांकाचं अक्षर.

लांबी मिळाली, आता प्रत्यक्ष अक्षरं. त्यासाठी उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यातून उलटं चालायचं. (५,४): र जुळतो, तो उचला आणि तिरपे (४,३) वर जा. तिथे क आणि ग वेगळे. वरही २, डावीकडेही २. कुठेही गेलात तरी चालेल, आपण वर जाऊ. (३,३): र आणि ग वेगळे, वर १, डावीकडे २, म्हणून डावीकडे. (३,२): र जुळला, उचला, तिरपे. (२,१): ग जुळला, उचला, तिरपे, आणि शून्याव्या स्तंभात पोचलो. हातात आलं र, र, ग. उलटं वाचा: ‘गरर’.

इथे बरोबरीच्या वेळी कुठेही वळलात तरी उत्तर तेच आलं. नेहमी तसं होत नाही. ‘सरबत’ आणि ‘बरकत’ घेऊन बघा. ‘रत’ हेही बरोबर आणि ‘बत’ हेही बरोबर, कुठलं मिळेल ते बरोबरीत वर जाता की डावीकडे, यावर ठरतं. म्हणून गृहपाठात बरोबरीचा नियम दिलेला असेल तर तो आधी वाचा. आपोआप तपासणारा प्रोग्रॅम एकाच शब्दाची वाट पाहत असेल तर तुमचं बरोबर उत्तरही तो चूक ठरवेल.

आता तक्ता चुकलाय हे ओळखायचं कसं? सर्वांत उपयोगी खूण ही: शेजारच्या दोन घरांत, मग ती आडवी असोत की उभी, फरक ० किंवा १ च असतो. एक अक्षर वाढल्यावर एलसीएस फार तर एकाने वाढते. जुळणीच्या वेळी तिरप्या घराऐवजी वरच्या-डावीकडच्यातला मोठा आकडा घेऊन १ मिळवला, तर आपल्या उदाहरणात (२,३) ला २ येतात आणि त्याच्या वर ० असतो. एका उडीत दोन! तसंच पुढे गेलात तर कोपऱ्यात ४ येतात, म्हणजे अख्खं ‘गरगर’ ‘नगरकर’मध्ये सापडलं असा दावा.

दुसरी चूक जास्त लबाड आहे. पायथनमध्ये तक्ता `[[0]*(n+1)]*(m+1)` असा केला तर दिसायला सहा ओळी असतात, पण खरी ओळ एकच, तिलाच सहा नावं. आपल्या शब्दांवर हा कोड चालवला तर कोपऱ्यात ३ च येतात, म्हणजे बरोबर उत्तर, निव्वळ योगायोगाने! पण अक्षरं काढताना बरोबरीत वर जाण्याचा नियम ठेवला तर हाती फक्त ‘गर’ लागतं. लांबी ३ आणि शब्द दोन अक्षरांचा असं दिसलं की पूर्ण तक्ता छापा. सगळ्या ओळी ० १ २ २ ३ अशा एकसारख्या दिसतील, अगदी शून्यावीसुद्धा.

राहिली काना-मात्रांची गंमत. वरच्या फंक्शनला ‘मामा’ आणि ‘काका’ द्या. उत्तर ० यायला हवं, येतं २. युनिकोडमध्ये काना हे स्वतंत्र चिन्ह आहे, म्हणून `len("मामा")` हे ४ भरतं आणि दोन्ही शब्दांत समान सापडतात ते दोन नुसते काने, अक्षराविना लटकलेले. प्रोग्रॅमचं काही चुकलं नाही, आपण त्याला अक्षरं म्हणून दिलं ते अक्षर नव्हतं. पायथनचं `regex` हे पॅकेज टाकून `regex.findall(r"\X", s)` ने शब्द आधी तोडला की ‘मा’, ‘मा’ अशी यादी मिळते. फंक्शनला याद्याही चालतात, त्यात एक ओळही बदलावी लागत नाही. मामा-काकांचं उत्तर मग ० येतं.